राजाविना डाव

नातीला बुद्धिबळाच्या क्लासला सोडायला गेले तेव्हा पटावर राजाच नव्हता. वजीर, हत्ती, घोडे, उंट यांपैकीही कुणी नव्हतं. दुसऱ्या ओळीत आठ पांढरी प्यादी, सातव्या ओळीत आठ काळी, आणि बाकी सगळा पट मोकळा. मला वाटलं, सोंगट्या हरवल्या असतील. सार्वजनिक वाचनालयाचं सभागृह, फुकटात मिळालेले पट, त्यात आठ-आठ वर्षांची मुलं, हरवणारच. पण प्रत्येक टेबलावर तोच प्रकार होता, आणि बाकीच्या सोंगट्या डब्यात नीट बंद करून कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवलेल्या होत्या.

मला बुद्धिबळातलं काही येत नाही, हे सांगताना थोडं अवघड वाटतं, कारण माझं सासर सांगलीचं. बुद्धिबळाची पंढरी म्हणवणारं गाव ते. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलं, भाग्यश्री साठे तिथली, स्वाती घाटे तिथली. सासरे रोज संध्याकाळी ओसरीवर पट मांडत आणि मी चहा नेऊन ठेवत असे. पटावर काय चाललंय ते विचारावं असं मला वाटलं नाही आणि सांगावं असं त्यांनाही वाटलं नाही. तेवढ्यावर माझं बुद्धिबळाचं ज्ञान संपतं: राजाला शह बसतो आणि शेवटी मात होते. म्हणजे खेळ राजाचा, इतकं तर मला ठाऊक होतं. आणि इथे डोंबिवलीत त्याच खेळाचा क्लास राजाला कपाटावर ठेवून सुरू होत होता.

२०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्या भागात मुलींची नावं या क्लासला धडाधड आली, त्यातलंच एक आमच्या नातीचं. शिकवणारी मुलगी कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागलेली. मुलं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही. त्या दिवशी मुलांची संख्या विषम निघाली. मला कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसलेलं पाहून ताई म्हणाली, “आजी, तुम्ही बसता का याच्यासमोर? फक्त प्याद्यांचा डाव आहे.” समोर पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा होता. मी बसले, आणि दर शनिवारी बसतच गेले.

नियम ताईने मोजक्या वाक्यांत सांगितले. प्यादं सरळ पुढे एक घर चालतं. स्वतःच्या मूळ जागेवरून पहिल्यांदा निघताना हवं तर दोन घरं. मारताना मात्र सरळ नाही, तिरकं एक घर पुढे मारतं. मागे कधीच येत नाही. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचेल तो जिंकला. ज्याची सगळी प्यादी मेली, किंवा ज्याला चालच उरली नाही, तो हरला. झालं, खेळा.

मी गोंधळले ते मारण्याच्या नियमावर. चालायचं सरळ आणि मारायचं तिरकं? हत्ती जिकडे चालतो तिकडेच मारतो, उंट तसाच, अगदी घोडासुद्धा. ज्याला आपण सगळ्यांत साधा समजतो त्या प्याद्याच्याच चालीत ही गाठ. टेबलाटेबलांवर मुलांचंही तेच झालेलं दिसलं. कुणी समोरच्या प्याद्याला सरळ धडक देऊन उचललं, कुणी मारायला काही नसताना तिरकं सरकलं. माझ्यासमोरच्या दंतहीन योद्ध्याने तर माझं प्यादं मारून स्वतःचं प्यादं पुन्हा जुन्या जागी नेऊन ठेवलं, कामगिरी फत्ते करून घरी परतल्यासारखं.

ताईने ओरडाआरडा केला नाही. तिने एका टेबलावर फक्त दोन प्यादी ठेवली, पांढरं ई४वर आणि काळं ई५वर, आणि विचारलं, “आता?” दोघंही हलू शकत नाहीत, समोरासमोर आली की प्यादी एकमेकांची वाट अडवतात आणि कुणी कुणाला मारू शकत नाही. मग तिने काळं प्यादं एक घर बाजूला, डी५वर ठेवलं. “आता?” आता दोघंही एकमेकांना मारू शकतात, म्हणजे ज्याची पाळी तो मारणार. ही दोन चित्रं मुलांनी आळीपाळीने मांडली, बोटाने तिरक्या रेषा काढल्या, आणि गाठ सुटली. निदान त्यांची. मला पुढे बराच काळ चाल करण्याआधी मनात ‘चालायचं सरळ, मारायचं तिरकं’ असं पुटपुटावं लागायचं.

आठ विरुद्ध आठ प्याद्यांचा डाव पाच मिनिटांत संपतो. हे महत्त्वाचं आहे ते मला नंतर कळलं. पूर्ण पटावर आठ वर्षांचं मूल तासभर अडकतं, मध्येच कंटाळतं आणि हरलं की तासाभराचं रडू एकदम येतं. इथे हरलं तरी पुन्हा प्यादी मांडायला अर्धं मिनिट लागतं. एका बैठकीत मुलं सहज पाच-सहा डाव खेळतात, दोन जिंकतात, तीन हरतात, आणि हरण्याला फारसं कुणी विचारत नाही. त्या पाच मिनिटांत बाकीच्या शिस्तीही बसतात: ज्या सोंगटीला हात लावला ती चालवायचीच, आधी हस्तांदोलन, डाव संपल्यावर पट पुन्हा मांडून उठायचं. ‘टच मूव्ह!’ ही आरोळी मी इतक्यांदा ऐकली आहे की भाजीवाल्याकडे टोमॅटो उचलून परत ठेवताना मला चोरट्यासारखं वाटतं.

सुरुवातीला सगळी मुलं एकच डाव खेळत. कडेचं एक प्यादं धरायचं आणि धावत सुटायचं. एच२, एच४, एच५, मग समोरच्याने अडवलं की दुसरं. आपल्या प्याद्याच्या तिरक्या घरात शत्रू उभा आहे याकडे लक्षच नाही. ताई प्रत्येक टेबलाशी थांबून एकच प्रश्न विचारायची: “तू तिथे गेलास तर तुला कोण मारतं?” उत्तर तोंडी द्यायचं नाही, बोटाने दाखवायचं. काही शनिवारांनंतर मुलं चालण्याआधी हवेतच बोट फिरवायला लागली. मीही. ताईच्या मते पहिल्या महिन्यात मुलांना एवढं जमलं तरी पुरे.

मग तिने प्यादी कमी केली. तीन विरुद्ध तीन. मला वाटलं, सोपं करतेय. प्रत्यक्षात तिने जे मांडलं त्याने माझी झोप उडवली, आणि तेवढ्यासाठी ते इथे सविस्तर सांगते. घरी पट असेल तर मांडून बघा.

पांढरी प्यादी ए५, बी५, सी५ या घरांत. काळी त्यांच्या समोर, मध्ये एक-एक घर सोडून, ए७, बी७, सी७वर. पाळी पांढऱ्याची. दोन्हीकडे तीन-तीन, रांगा सारख्या, फक्त पांढरा थोडा पुढे आलेला. “पांढऱ्याने काय करावं?” ताईने विचारलं. मुलं म्हणाली, काहीही केलं तरी मारतील. खरंच होतं ते. ए६ केलं तर बीवालं मारतं, सी६ केलं तरी बीवालंच मारतं, आणि बी६ केलं तर दोन बाजूंनी दोघं मारू शकतात. सगळ्यांत वाईट चाल कोणती, असं विचारलं असतं तर मी बी६ सांगितलं असतं.

चाल बी६च आहे. काळ्याला ते मारावंच लागतं. नाही मारलं तर तेच प्यादं पुढच्या चालीत ए७ किंवा सी७ मारून आत घुसतं. समजा काळ्याने ए७वरच्या प्याद्याने मारलं. आता काळी प्यादी बी६, बी७ आणि सी७. पांढरी उरली ए५ आणि सी५. इथे बहुतेक मुलं ए५ने बी६ मारायला धावतात. ताई म्हणते, थांबा. पांढरा खेळतो सी६. आणखी एक प्यादं तोंडात दिलं. काळ्याने बी७च्या प्याद्याने ते मारलं की बी७चं घर रिकामं झालं, आणि ए५वरच्या प्याद्याच्या वाटेतून सगळे पहारेकरी हटले. ए६, ए७, ए८. काळी प्यादी अजून अर्ध्या पटावर. आणि काळ्याने सी६ मारण्याऐवजी बी६च्या प्याद्याने ए५ मारलं तर सी६चं प्यादं बी७ मारून पुढच्या चालीत बी८ गाठतं. सुरुवातीला ए७ऐवजी सी७च्या प्याद्याने मारलं असतं, तर हेच आरशातल्यासारखं उलट्या बाजूने: आधी ए६, मग सीचं प्यादं मोकळं.

तीन प्याद्यांपैकी दोन देऊन तिसरं पोचवायचं. मुलांच्या चेहऱ्यावर ते पसरताना मी पाहिलं. आमच्या नातीने तीनदा स्वतःच्या हाताने मांडून पाहिलं, तरी तिचा विश्वास बसेना. चौथ्यांदा तिने काळी बाजू घेतली आणि वाचायचा प्रयत्न केला. तिथेच तिला पुढचं सापडलं: पाळी काळ्याची असती तर बी६ हे घर काळ्याने आधी घ्यायचं, मग ही युक्ती चालत नाही. ताईने तिला काही सांगितलं नव्हतं. मी मात्र घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर मिरपूड-मिठाच्या बाटल्या मांडल्या होत्या, हे नातीच्या आईने सगळ्यांना सांगितलंच आहे.

पुढचा धक्का याहून वेगळा होता. एका शनिवारी माझ्यासमोरच्या मुलाशी डाव खेळताना बाकी सगळी प्यादी कापली जाऊन दोनच उरली. माझं पांढरं ई४वर, त्याचं काळं डी६वर. पाळी माझी. मी पाहिलं, कुणीच कुणाला मारू शकत नाही, शांतता आहे. पण मला चालायचं होतं, आणि माझी एकमेव चाल होती ई५. तिथे गेलं की डी६वालं तिरकं मारणार. मी म्हणाले, “मी नाही चालत.” तो म्हणाला, “आजी, चालावंच लागतं.” ताईला बोलावलं. ताईनेही तेच सांगितलं: बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. मग मी विचारलं, पाळी त्याची असती तर? तर त्याला डी५ जावं लागलं असतं आणि माझ्या प्याद्याने ते मारलं असतं. म्हणजे पटावर एकच चित्र, सोंगट्या सारख्या, आणि हरणार कोण तर ज्याची पाळी तो! जर्मन लोकांनी या कोंडीला झुगझ्वांग म्हटलं आणि जगभरच्या खेळाडूंनी तेच नाव ठेवलं. मुलांच्या तोंडी त्याचं ‘झुगझुग’ झालं.

यावर ताईने त्यांना जो लहानसा प्रश्न घातला तो मला अजूनही मोठ्या माणसांना विचारावासा वाटतो. तीच कोंडी, ई४ आणि डी६, आणि शिवाय कडेला एक-एक प्यादं: पांढरं अजून मूळ जागेवर एच२ला, काळं एच६ला. पाळी पांढऱ्याची. मधल्या कोंडीला हात लावेल तो मेला, तेव्हा दोघंही कडेच्या प्याद्याने वेळ काढणार. कडेला मध्ये तीन घरं रिकामी आहेत: एच३, एच४, एच५. पांढऱ्याला दोन घरांची उडी मारता येते. उत्साहात एच४ केलं, की काळा एच५ करतो, कड अडली, आणि पाळी पुन्हा पांढऱ्याची. आता ई५ खेळून मरा. तेच सावकाश एच३ केलं, तर काळ्याला एच५ खेळावं लागतं, पांढरा एच४ करून कड बंद करतो, आणि या वेळी पाळी काळ्याची. डी५ खेळतो आणि जातो. एका घराच्या आणि दोन घरांच्या चालीत एवढा फरक. मुलांनी बोटांवर घरं मोजायला सुरुवात केली. आठ वर्षांच्या मुलाला हातची चाल राखून ठेवण्याची ही कल्पना पूर्ण पटावर कुणी समजावूच शकणार नाही. तिथे बत्तीस सोंगट्यांच्या गर्दीत ती दिसत नाही.

एन पासाँचा नियम ताईने मुद्दाम उशिरा काढला, भांडण झाल्यावर. एका मुलीचं पांढरं प्यादं ई५वर होतं. समोरच्याने डी७वरून थेट डी५ला उडी मारली आणि तो हसला, कारण एक घर चालला असता तर मारला गेला असता. मुलगी चिडली: “हे चीटिंग आहे!” ताई म्हणाली, “तुझं बरोबर आहे, म्हणूनच नियम आहे.” अशा वेळी प्यादं डी६ला थांबलं असं समजून ई५वालं ते मारू शकतं आणि स्वतः डी६वर जाऊन बसतं, पण लगेच पुढच्याच चालीत, नंतर नाही. घरी हे सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, बाबांच्या देशी पद्धतीत प्यादं कधी दोन घरं चालायचंच नाही, त्यामुळे ही भानगडच नव्हती. बरोबर आहे. दोन घरांची उडी युरोपात खेळ वेगाने सुरू व्हावा म्हणून आली, आणि त्या उडीने पळवाट मिळू नये म्हणून हा नियम मागून आला. ओसरीवरचं ते बुद्धिबळ मी इतकी वर्षं पाहिलं आणि त्यातलं प्यादं एक-एक घरच सरकतं हे मला आत्ता कळलं.

मग कपाटावरचा डबा खाली आला, पण एका वेळी एकच सोंगटी. हत्ती एकटा विरुद्ध पाच प्यादी, उंट एकटा विरुद्ध तीन, घोडा विरुद्ध तीन, आणि शेवटी वजीर विरुद्ध आठही. प्यादी पोचली तर प्यादी जिंकली, सगळी खाल्ली तर मोठी सोंगटी. एक डाव झाला की बाजू बदलायच्या, त्यामुळे सोंगटी वाईट की खेळणारा वाईट हा वाद उरत नाही. प्रत्येक सोंगटीची चाल मुलं अशीच शिकली, पाठ करून नव्हे. हत्तीचं सगळ्यांना आधी कौतुक वाटलं, लांब पळतो म्हणून. पण दोन प्यादी शेजारी-शेजारी सहाव्या ओळीत पोचली आणि हत्तीला त्यांतलं एकही लगेच मारता येत नसलं, तर हत्तीचं काही चालत नाही: एकावर रोखावं तर दुसरं पुढे सरकतं. घोड्याचा तर मला रागच आला. कोपऱ्यात ए१ला असलेल्या घोड्याला अगदी खेटून तिरक्या असलेल्या बी२वर पोचायला चार चाली लागतात. ताईने सांगितलं तेव्हा मला खोटं वाटलं. नातीने पट काढून दाखवलं: सी२, बी४, डी३, बी२. त्याहून जवळची वाट तिलाही सापडली नाही आणि मलाही, कारण ती नाहीच.

ही पद्धत ताईच्या डोक्यातून निघालेली नाही, हे तिनेच सांगितलं. हॉलंडमध्ये रॉब ब्रुनिया आणि कोर व्हॅन वायगेरडेन या दोघांनी पायऱ्यापायऱ्यांनी शिकवायची पुस्तकं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात काढली, त्यात लहान मुलांसाठी असे छोटे डाव आहेत, आणि प्याद्यांची लढाई तर जगभरच्या क्लासांत खेळतात. थोरामोठ्यांतही क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका सुरुवात थोड्या सोंगट्यांपासूनच करायला सांगायचा. त्याचं १९२१चं पुस्तक साध्या मातींनी आणि प्याद्यांच्या शेवटांनीच सुरू होतं.

पालकांना हे पटवणं मात्र मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड. एक बाबा आले. “महिना झाला, अजून राजा दाखवला नाही. माझा मुलगा चार चालींत मात करतो.” करत होता खरा, मोबाइलवर शिकून आला होता. उंट आणि वजीर बाहेर काढून एफ७वर हल्ला, समोरचा नवखा असला की खलास. ताईने त्याला प्याद्यांच्या डावात बसवलं, नातीसमोर. तिथे वजीरच नव्हता, त्यामुळे चार चालींचं पाठांतर चालेना, आणि तो पहिले काही डाव हरला. तो वाईट खेळाडू नव्हता. समोरचा काय करेल हे विचारायची त्याला सवयच नव्हती. बाबांना ताई म्हणाली, “त्याला मात येते, पण अजून खेळता येत नाही. थोडं थांबू.” बाबा थांबले, नाइलाजाने असेल, पण थांबले.

राजा आला तो प्याद्यांबरोबरच: दोन्हीकडे राजा आणि आठ-आठ प्यादी, बस. इथे मुलांना कळलं की राजा भित्रा नाही, उपयोगाचा आहे. पांढरं प्यादं ए५वर धावतंय आणि काळा राजा ई५वर आहे. पाळी काळ्याची असेल तर राजा डी६ला येऊन त्याला गाठतो, पाळी पांढऱ्याची असेल तर प्यादं निसटतं. हे बघायला चाली मोजाव्या लागत नाहीत: प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत एक चौकोन मनात आखायचा, राजा आपल्या पाळीत त्या चौकोनात शिरला तर पकडतो. ए५ला तो चौकोन ए५, डी५, डी८, ए८. मुलांनी खडूने पटावरच रेघा मारल्या, वाचनालयाच्या शिपायाने आरडाओरडा केला.

आणि इथेच प्याद्यांच्या डावांचा तोटाही समोर आला, तो लपवण्यात अर्थ नाही. ‘चाल उरली नाही तो हरला’ हा आमचा नियम मुलांच्या अंगात मुरला होता. पूर्ण डावात एका मुलीने सगळं जिंकत आणलं: काळ्याचा एकटा राजा ए८च्या कोपऱ्यात, हिचा वजीर बी६ला. राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. ती ओरडली, “अडकला! जिंकले!” खऱ्या बुद्धिबळात ही बरोबरी असते. तिला कुणीही समजावलं तरी पटेना, आणि तिचं चुकलंही नव्हतं. आठवडेच्या आठवडे तिने तेच शिकलं होतं. त्यानंतर ताईने नव्या गटाला प्याद्यांच्या डावातही अडकला तर बरोबरी, असा नियम केला. झुगझुगची मजा त्याने थोडी कमी झाली; मला जुनाच बरा वाटतो, पण त्यासाठी राजा आला त्याच दिवशी नियम बदलल्याचं मोठ्याने सांगायला हवं. दुसरी सवय तशीच: प्यादं शेवटच्या ओळीत गेलं की मुलं हात वर करून उठतात, जणू डाव संपला. त्यांना ओढून खाली बसवावं लागतं: आता प्याद्याचा वजीर घे आणि मात कर. शिवाय राजाला सुरक्षित कोपऱ्यात न्यायचं, सोंगट्या लवकर बाहेर काढायच्या, यातलं काही प्यादी शिकवत नाहीत. ते पुढे वेगळं शिकावंच लागतं.

बत्तीस सोंगट्यांचा पहिला डाव मुलं खेळली तेव्हा मी नातीच्या मागे उभी होते. गडबड भरपूर होती, वजीर फुकट दिले-घेतले गेले. पण एक गोष्ट मला ठळक दिसली: सोंगट्या कापून-कापून पट मोकळा झाला की ही मुलं घाबरत नाहीत, उलट सरसावून बसतात. तिथून पुढचं त्यांच्या ओळखीचं असतं. माझं मत विचाराल तर आठ वर्षांच्या मुलासाठी दोन महिने राजा डब्यात राहिला तरी काही बिघडत नाही. फक्त शिकवणाऱ्याने पालकांना ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

घरी पट असेल आणि मूल मागे लागलं असेल, तर पहिल्यांदा तीन-तीन प्यादीच मांडा, ए, बी, सीच्या मूळ घरांत, आणि मुलाला पांढरी द्या. तुम्हाला खेळ येत नसेल तरी चालेल, मलाही येत नव्हता. मूल काय चालणार ते सांगू नका. ते चालण्याआधी तिथे त्याला कोण मारतं, एवढंच विचारा आणि बोट दाखवेपर्यंत वाट पाहा.